दोन विंगच्या मधली ती फट: एक्सपान्शन जॉइंट कुठे देतात आणि तो नीट बंद कसा करायचा

सिंहगड रोडच्या एका सोसायटीत गेलो होतो, टेरेसवर चढल्या चढल्या सेक्रेटरी काकांनी पहिला प्रश्न टाकला, "साहेब, ही फट बिल्डरने बांधतानाच सोडून दिली का हो? दरवर्षी बुजवतो आणि दरवर्षी परत पडते." ए विंग आणि बी विंगच्या मधे बोटभर रुंद रेघ, या पॅरापेटपासून त्या पॅरापेटपर्यंत सरळ, आणि तिच्यात सिमेंट, डांबर, एम-सील, कुठलंतरी पांढरं केमिकल, असे दहा-बारा वर्षांचे थर. खाली चौथ्या मजल्याच्या पॅसेजमधे त्याच रेघेखाली भिंतीला हिरवट डाग आणि कपड्याच्या दोरीला बांधलेली बादली.

ती फट मुद्दाम ठेवलेली असते, तिला एक्सपान्शन जॉइंट म्हणतात. आणि ती "बुजवायची" नसते, हे कळायला काकांना पंधरा हजाराची चार बिलं लागली. या एकाच बिल्डिंगचा हिशोब धरून सगळं सांगतो, म्हणजे तुमच्या सोसायटीत मीटिंगला विषय निघाला तर उपयोगी पडेल.

काँक्रीट तापलं की वाढतं, गार झालं की आखडतं, एवढं शाळेत झालेलं असतं. पण किती वाढतं? ते काँक्रीटमधे खडी कुठली आहे त्यावर ठरतं. आपल्याकडे पुण्यात खडी म्हणजे काळा दगड, बेसाल्ट, आणि आयएस ४५६ मधे, म्हणजे काँक्रीट बांधकामाच्या भारतीय मानकात, बेसाल्टच्या काँक्रीटसाठी जो आकडा दिलाय त्यावरून एक मीटर लांबीमागे एक डिग्रीला साधारण ०.००९ मिमी वाढ येते. ऐकायला काहीच नाही. आता पुण्याचं बघा, जानेवारीत पहाटे ९-१० डिग्री, मे महिन्यात दुपारी ४० च्या आसपास आणि उघडी गच्ची तर त्याहून कितीतरी जास्त तापते, पाय ठेवता येत नाही. स्लॅबच्या पूर्ण जाडीचा सरासरी फरक धरला तरी थंडीतली पहाट ते उन्हाळ्यातली दुपार ३० डिग्री धरायला हरकत नाही.

ही बिल्डिंग ८४ मीटर लांब. समजा मधे जॉइंटच नाही, एकच अखंड स्लॅब. तो दोन्ही टोकांकडे वाढणार, मधला भाग जागेवर. म्हणजे प्रत्येक टोकाला ४२ मीटरची वाढ जाऊन पोचणार: ४२ × ०.००९ × ३० = ११ मिमीच्या थोडं वर. खाली फुटिंग, म्हणजे कॉलमचा पाया, तर जमिनीत घट्ट बसलंय, ते हलत नाही, त्यामुळे टोकाच्या कॉलमचं डोकं बाहेर ढकललं जातं आणि पाय तिथेच. कॉलम थोडा वाकतो, सहन करतो, पण त्याच्यामधे बांधलेली विटांची भिंत वाकत नाही, ती तडकते. म्हणून लांब बिल्डिंगमधे सगळ्यात वरच्या मजल्याच्या, सगळ्यात टोकाच्या फ्लॅटमधे खिडकीच्या कोपऱ्यातून तिरक्या जाणाऱ्या भेगा दिसतात, किंवा स्लॅबच्या लगेच खाली भिंतीला आडवी भेग. ती उन्हाळ्यात आणि थंडीत कमी-जास्त होत असेल तर कारण बहुतेक हेच. खालच्या मजल्यावर तशी भेग सहसा नसते, कारण तिथे ऊन नाही आणि जमीन जवळ.

मधोमध कापलं की प्रत्येक तुकडा ४२ मीटरचा होतो आणि त्याच्या टोकाला फक्त २१ मीटरची वाढ पोचते, साडेपाच मिमी. भिंतीवरचा ताण निम्मा. म्हणूनच आयएस ४५६ मधे म्हटलंय की ४५ मीटरपेक्षा लांब बिल्डिंगला साधारणपणे एक किंवा जास्त जॉइंट द्यावेत. "साधारणपणे" हा शब्द महत्त्वाचा आहे बरं का, ४५ ही काही लक्ष्मणरेषा नाही. डिझायनरने तापमानाचा ताण हिशोबात धरून जास्त सळई दिली असेल तर ६०-७० मीटरही बिनजॉइंटचं करतात, हल्ली पोडियमला, म्हणजे पार्किंगवरच्या मोठ्या स्लॅबला, तर असं बरंच चालतं कारण पोडियमचा जॉइंट गळला की खालच्या गाड्यांवर पांढरं चुन्याचं पाणी टपकतं आणि ते पेंटवरून निघत नाही.

लांबी सोडून दुसरं कारण म्हणजे आकार. एल शेपची बिल्डिंग असेल तर दोन हात जिथे मिळतात तिथे, बारा मजली टॉवरला चिकटून एक मजली क्लब हाऊस असेल तर तिथे, जुन्याला नवीन जोडलं असेल तर तिथे. दोन भाग वेगवेगळं हलणार असतील तर त्यांना एकमेकांचे हात धरायला लावायचे नाहीत. भूकंपाचाही मुद्दा येतो, कोयना काही फार लांब नाही आपल्याला. हादऱ्यात दोन्ही भाग आपापल्या तालात झुलतात आणि मधली जागा कमी पडली तर एकमेकांवर आपटतात. त्यामुळे उंच बिल्डिंगमधे ही फट नुसत्या उन्हासाठी लागते त्यापेक्षा बरीच रुंद ठेवावी लागते, शंभर मिमी वगैरे, आणि तिथे सीलंट, म्हणजे फटीत भरायचा रबरासारखा लवचिक माल, चालत नाही, वरून पत्र्याचं किंवा रबराचं कव्हर लागतं. आपली ही जुनी चार मजली, इथे फट पंचवीस मिमीची होती.

आता जॉइंट खरा कसा असतो ते बघू, कारण गोंधळ इथेच असतो. तो म्हणजे स्लॅबमधली चीर नव्हे, दोन बिल्डिंगा शेजारी शेजारी उभ्या आहेत असं समजा. जॉइंटच्या अलीकडे एक कॉलम, पलीकडे दुसरा, दोन्हीचे बीम वेगळे, स्लॅब वेगळा, आणि एकही सळई या बाजूची त्या बाजूला जायची नाही. फक्त फुटिंग दोघांचं एक असलं तरी चालतं, कारण जमिनीखाली तापमान फारसं बदलत नाही. तिथून वर मात्र तीच रेघ सरळ गेली पाहिजे: भिंत, प्लास्टर, फरशी, कोबा, पॅरापेट, पॅरापेटवरचं कोपिंग, रेलिंगचा पाइप, सगळं. एखाद्या ठिकाणी जरी कोणी "छान दिसत नाही" म्हणून प्लास्टर सलग ओढलं की बिल्डिंग स्वतःच तिथे भेग पाडून घेते, आणि ती काही सरळ पडत नाही.

ही रेघ घेताना ती पॅसेज किंवा जिन्याजवळून जाईल असं बघतात. संडास-बाथरूममधून, पाण्याच्या टाकीखालून नेली की आयुष्यभराचा त्रास. पाइप आणि वायरिंग शक्यतो ओलांडू द्यायचं नाही, आणि ओलांडावंच लागलं तर तिथे लवचिक जोड.

(जमिनीवरच्या फरशीला, म्हणजे पार्किंगच्या किंवा चाकणच्या शेडमधल्या ट्रिमिक्सला कटरने ज्या रेघा मारतात ते वेगळं प्रकरण. त्या आकुंचनाच्या भेगा सरळ रेषेत पडाव्यात म्हणून असतात. कटर साधारण जाडीच्या पाव ते एक तृतीयांशच खोल जातो, फट आरपार नसते. त्याला एक्सपान्शन जॉइंट म्हणू नका. तिथे खरा सुटा जॉइंट कॉलमभोवती आणि भिंतीलगत लागतो.)

परत आपल्या टेरेसवर. काकांना मी एकच काम सांगितलं. फटीच्या दोन्ही बाजूला पेन्सिलने खूण करा आणि जानेवारीत सकाळी सातला, मे महिन्यात दुपारी तीनला मोजा. रिटायर्ड माणूस, व्हर्निअर आणून मोजलं त्यांनी. जानेवारीत २८ मिमी, मे मधे २०. म्हणजे ८ मिमीचा खेळ. आपला हिशोब काय सांगत होता? दोन्ही विंगची २१-२१ मीटर वाढ जॉइंटकडे येते, म्हणजे एकूण ४२ मीटरची, ११ मिमी. प्रत्यक्षात ८ आले कारण खाली कॉलम-भिंती धरून ठेवतात आणि वर विटांच्या तुकड्यांचा कोबा आहे तो थोडं ऊन अडवतो. कागदावरचा आकडा हा वरच्या बाजूचा असतो, आणि ते बरंच आहे.

आता सिमेंटने का टिकत नाही ते आपोआप कळतं. मे महिन्यात, पावसाच्या आधी म्हणून, २० मिमीच्या फटीत सिमेंट ठासलं. जानेवारीत फट २८ झाली, सिमेंट एका बाजूने सुटलं आणि ८ मिमीची नवी फट पडली. तिच्यात वाळू, खडी, कबुतराची पिसं जाऊन बसली. पुढच्या मे मधे बिल्डिंगला परत जवळ यायचंय पण मधे कचरा अडकलाय, मग ती जोर लावते आणि कडेचं काँक्रीट किंवा पॅरापेटचा कोपरा उडतो. म्हणजे दरवर्षी बुजवून बुजवून आपण ती फट वर्षागणिक खराब करत असतो.

पण गंमत पुढे आहे. चौथ्या बिलात एका कॉन्ट्रॅक्टरने खरंच चांगलं पॉलियुरेथेन सीलंट भरलं होतं, डबेही काकांनी जपून ठेवले होते. तेही पुढच्या डिसेंबरात मधून फाटलं. माल चांगला, मग का? तर महिना चुकला.

सीलंटच्या पाकिटावर ±२५ टक्के असं काहीतरी लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ भरताना जी रुंदी होती तिच्या पाव पट ते ताणलं किंवा दाबलं जाऊ शकतं. मे मधे भरलं तेव्हा रुंदी २०, म्हणजे ताणायची मर्यादा ५ मिमी. बिल्डिंग उघडणार ८. फाटणारच. तेच जर फट मधल्या मापाला असताना, २४ मिमीला भरलं, तर मर्यादा दोन्ही बाजूला ६ मिमी आणि हालचाल दोन्ही बाजूला फक्त ४. तेच सीलंट, तोच माणूस, आणि टिकणार. अगदी पहाटेच्या थंडीत भरलं तर उलटं होतं, ते उन्हाळ्यात दाबून फुगून वर येतं आणि चपलेने, झाडूने सोलून निघतं. म्हणून आम्ही फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा धरला, सकाळी नऊ-दहाची वेळ. पावसाळा होऊन चार महिने झालेले, काँक्रीट कोरडं, ना फार थंड ना फार गरम. पाऊस संपल्या संपल्या घाई केली तर ओल आत असते आणि पॉलियुरेथेनला ओल लागली की बुडबुडे येतात. शंका असेल तर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवायचा, सकाळी आतून घाम दिसला की थांबायचं.

नवीन बिल्डिंगवाल्यांसाठी एक सांगतो. पहिल्या दोन-तीन वर्षांत काँक्रीट सुकून आखडतं, त्यामुळे फट उन्हाळा-हिवाळा सोडूनही कायमची थोडी रुंदावते. बिल्डरने पझेशनच्या घाईत भरलेलं सीलंट फाटलं तर लगेच मालाला दोष देऊ नका.

काम सुरू केलं तेव्हा आधी दोन्ही बाजूचा फूट-फूटभर कोबा तोडला. कोबा आणि वरची चायना मोझॅक जॉइंटवरून सलग गेलेली होती, ही अगदी नेहमीची चूक. आत अजून एक नेहमीची गोष्ट निघाली, शटरिंगची फळी! स्लॅब टाकताना दोन स्लॅबच्या मधे लाकूड ठेवलं, ते काढलंच नाही, आणि एका ठिकाणी तर काँक्रीटचा घट्टा आरपार जाऊन दोन्ही स्लॅब जोडलेले. तो घट्टा फोडेपर्यंत बाकी काही करून उपयोग नव्हता. (नवीन कामात इथे बिटुमेनचा बोर्ड ठेवतात, तो दाबला जातो. थर्माकोलही ठेवतात, चालतो, पण वरून तो नीट काढून घेऊन सीलंटला जागा द्यायची.)

मग कडा. उडालेले कोपरे इपॉक्सी मॉर्टरने सरळ केले, कारण सीलंट जिथे चिकटतं ती बाजू भुसभुशीत असेल तर सीलंट काँक्रीटचा पापुद्रा घेऊनच सुटतं. दोन्ही बाजूला स्लॅबमधून सळया वर घेऊन दीडशे मिमी उंचीची छोटी काँक्रीटची बंडं बांधली, मधे तीच फट ठेवून. टेरेसच्या जॉइंटला सगळ्यात मोठा आधार खरं म्हणजे या बंडांचा असतो, सीलंटचा नंतर. पाणी जॉइंटपर्यंत चढलंच नाही तर गळणार कुठून. कोब्याचा उतार जॉइंटपासून लांब, आणि वॉटरप्रूफिंग दोन्ही बाजूनी, कोपऱ्यात वाटा म्हणजे गोलाई मारून, बंडावर चढवून थांबवलं.

आता सीलंट. आधी बॅकर रॉड, म्हणजे फोमची गोल दोरी, फटीपेक्षा साधारण पावपट जाड. आपल्याला ३० मिमीची लागली. ती दाबून अशी बसवायची की वर बरोबर १२ मिमी खोली उरेल, सुतार वापरतात तशी लाकडाची पट्टी कापून घेतली होती त्यासाठी. ही दोरी दोन कामं करते. एक, सीलंट खाली सांडत नाही. दुसरं जास्त महत्त्वाचं, सीलंट तळाला चिकटत नाही. सीलंट फक्त डाव्या-उजव्या बाजूला चिकटलं पाहिजे, म्हणजे ते रबर बँडसारखं ताणलं जातं. तळालाही चिकटलं तर तिन्हीकडून पकडलं जातं, ताणायला मोकळं राहत नाही आणि फाटतं. खोली कमी असेल आणि दोरी मावत नसेल तर तळाला प्लास्टिकची टेप लावायची, तेवढंही पुरतं.

खोली रुंदीच्या निम्मी, हा ढोबळ नियम. लोकांना वाटतं जास्त भरलं की जास्त मजबूत. उलट आहे, जाड सीलंट ताठ होतं आणि कडेपासून उखडतं.

कडांना मास्किंग टेप, मग प्राइमर, तो सांगितलेला वेळ सुकू द्यायचा, मग गनने सीलंट खालून वर भरत आणायचं म्हणजे हवा अडकत नाही, आणि साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या चमच्याने किंवा पट्टीने दाबत ओढायचं की वरून थोडी खोलगट वाटी झाली पाहिजे. टेप लगेच काढायची. दोन भागांचं पॉलिसल्फाइड सीलंट असेल तर ते मिक्स केल्यावर ठराविक वेळातच संपवावं लागतं, मिस्त्री अर्धा डबा उरला म्हणून दुपारी परत पातळ करून वापरायला लागला की त्याला थांबवा.

इथे सोसायटीवाल्यांना एक सोपा हिशोब देतो. २४ मिमी रुंद, १२ मिमी खोल म्हणजे एका मीटरला २८८ मिली माल. आपली टेरेस १४ मीटर रुंद, म्हणजे चार लिटर. सहाशे मिलीची सॉसेज पाकिटं येतात, ती सात लागणार. काम झाल्यावर रिकामी पाकिटं मोजा. तीन-चारच निघाली तर एकतर माल पातळ ओढलाय नाहीतर खाली सिमेंट भरून वर नुसतं लिंपलंय.

सीलंटवर ऊन थेट पडू नये म्हणून वरून टोपी. बंडांच्या वर लवचिक मेंब्रेन मधे खाली झोळ सोडून लावला, ताणून लावला तर तोही फाटतो, आणि त्याच्यावर अल्युमिनियमचा वाकवलेला पत्रा. पत्र्याचे स्क्रू फक्त ए विंगच्या बाजूला. बी विंगकडे तो नुसता टेकलेला, सरकायला मोकळा. दोन्हीकडे स्क्रू मारले की पहिल्याच उन्हाळ्यात पत्रा कमान करून उठतो किंवा स्क्रू उपसून येतात. बाहेरच्या भिंतीवरच्या पट्टीलाही हेच, आणि पॅसेजच्या फरशीवरच्या पट्टीलाही.

आठवड्याभराने सीलंट सुकल्यावर, टोपी लावायच्या आधी, एका कोपऱ्यात सुरीने दोन इंचाचा तुकडा कापून हाताने ओढून बघितला. बाजूपासून अलगद सोलून आला असता तर प्राइमर किंवा साफसफाई चुकली असं समजायचं. तो लांब ताणला जाऊन मधेच तुटला, म्हणजे चिकटलंय. कापलेली जागा लगेच परत भरली. जुनं सीलंट फेल झालेलं बघतानाही हीच खूण कामाची: कडेला सुटलंय तर धूळ-ओल-प्राइमर, मधून फाटलंय तर हालचाल जास्त पडली, महिना चुकला किंवा तळाला चिकटलं. मग मातीची पाळ घालून दोन दिवस पाणी कोंडलं. पॅसेजमधे टिपूस नाही.

पावसाळाही कोरडा गेला आणि काकांनी ती बादली काढली. पण दिवाळीच्या आधी सोसायटीने बाहेरून रंगकाम करून घेतलं, आणि पेंटरने बिल्डिंगच्या मागच्या बाजूची जॉइंटची पट्टी काढून फट पुट्टीने भरून एकदम गुळगुळीत केली, वर दोन हात रंग. जानेवारीत काकांचा फोटो आला, चार मजले वरपासून खालपर्यंत वाकडीतिकडी भेग, खाली लिहिलेलं, "साहेब, मी त्याला सांगत होतो." आता फेब्रुवारीत ग्राइंडर घेऊन तेवढी पुट्टी परत काढायची आहे.